मिक्सर पाचपैकी तीनदा थांबला, एवढंच लिहायचं: खोडून काढता येणार नाही असा रिव्ह्यू

गेल्या मार्चमध्ये आमच्या वहिनींनी नवा मिक्सर ऑनलाइन मागवला. मंगळवार पेठेतल्या त्यांच्या घरी रविवारी तांबडा रस्सा ठरलेला, त्यामुळं मिक्सरची खरी परीक्षा सुक्या खोबऱ्याच्या वाटणावर होणार हे उघडच होतं. दुसऱ्याच रविवारी मिक्सर मध्येच थांबला आणि स्वयंपाकघरभर करपल्यासारखा वास सुटला. संध्याकाळी मी गेलो तेव्हा वहिनींनी मोबाइल पुढं केला. "भाऊजी, मी लिहिलोय बघा. तेवढं शुद्धलेखन बघा आणि टाका."

मजकूर असा होता:

"एकदम भंगार मिक्सर. पहिल्या पंधरा दिवसांत मोटर जळाली. वर 750 वॅट लिहिलंय पण 500 चासुद्धा नाही. आत तांब्याऐवजी अ‍ॅल्युमिनियमची तार घातलीय. कंपनी लोकांना फसवते. कस्टमर केअरवाले मुद्दाम वॉरंटी संपेपर्यंत टोलवतात. घरात आग लागली असती. कुणीही घेऊ नका."

राग खरा होता आणि पैसे गेले होते हेही खरं. पण या आठ वाक्यांतलं एकही वाक्य कुणी "कशावरून?" म्हणून विचारलं असतं तर टिकलं नसतं. कंपनीनं एका ओळीत उत्तर दिलं असतं, "मोटर जळालेली नाही, ओव्हरलोड स्विच पडला आहे," आणि वाचणाऱ्याला वाटलं असतं की बाईंना मिक्सर वापरता येत नाही. पुढचे दहा दिवस आम्ही दोघांनी मिळून तो मजकूर पुन्हा उभा केला. ते कसं केलं, ते इथं सविस्तर सांगतो. वस्तू दुसरी असली तर मापं बदलतील, बाकी कामाचा क्रम हाच ठेवा.

आधी प्रत्येक वाक्याला "कशावरून?" विचारा

कागदावर मजकूर उतरवून घ्या आणि एकेका वाक्यापुढं ते तुम्हाला कसं कळलं ते लिहा. डोळ्यांनी पाहिलं, मोजलं, कुणी सांगितलं, की मनात आलं? या चारपैकी एकच उत्तर असतं.

"मोटर जळाली" हे वहिनींनी पाहिलेलं नव्हतं. त्यांनी पाहिलं होतं ते एवढंच: मिक्सर बंद झाला, वास आला आणि बुडाशी असलेलं लाल बटण बाहेर आलं. ते लाल बटण म्हणजे ओव्हरलोड प्रोटेक्टर. मोटरनं झेपेल त्यापेक्षा जास्त करंट ओढला की तो वीज तोडतो, थोडं गार झाल्यावर बटण आत दाबलं की मिक्सर पुन्हा सुरू होतो. वहिनींचाही वीस मिनिटांनी सुरू झालाच होता. जळालेली मोटर अशी सुरू होत नाही. वासाचंही तसंच आहे. मोटरच्या तारांवर व्हार्निशचा थर असतो, तो नवीन असताना पहिल्यांदा चांगला तापला की वास येतो, आणि बऱ्याच माहितीपुस्तिकांत तसं लिहिलेलंही असतं. म्हणून वास हा बिघाडाचा पुरावा धरता येत नाही, पण वास आला ही घटना मात्र खरी आहे. घटना लिहायची, निदान लिहायचं नाही.

"500 वॅटचासुद्धा नाही" हे वाक्य मला सगळ्यांत धोक्याचं वाटलं, कारण ते ऐकायला मोजल्यासारखं वाटतं. मिक्सर किती वॅट ओढतो हे भांड्यात काय आहे त्यावर बदलतं. रिकाम्या भांड्यावर तो छापलेल्या आकड्याच्या कितीतरी खाली राहतो, घट्ट वाटणावर वर चढतो. उद्या कुणी प्लगला लावायचं वीजमापक आणून 350 चा आकडा दाखवला, तरी त्यावरून लेबल खोटं ठरत नाही. ते ठरवायला ठरलेल्या भारावर, ठरलेल्या व्होल्टेजला प्रयोगशाळेत चाचणी लागते. आपल्या ओट्यावर ती होत नाही, त्यामुळं हे वाक्य गेलं.

तांबं-अ‍ॅल्युमिनियमचं वाक्य कुठून आलं ते विचारलं तर शेजारच्या एका भाऊंनी म्हटलं होतं, "हल्ली सगळ्यात अ‍ॅल्युमिनियमच असतंय." म्हणजे या मिक्सरबद्दल तेही बोलले नव्हते. मिक्सर उघडून बघायचा मोह होतो, पण उघडला की वॉरंटी जाते, आणि वर मुलामा असलेली तार नुसत्या रंगावरून ओळखणं आपलं काम नाही. हेही गेलं.

"फसवते", "मुद्दाम", "टोलवतात" हे शब्द दुसऱ्याच्या मनातलं सांगतात. कंपनीच्या मनात काय आहे ते आपल्याला दिसत नाही. आपल्याला तारखा दिसतात, फोन दिसतात, दिलेली वेळ दिसते आणि त्या वेळेला कुणी आलं का तेवढं दिसतं. वहिनी यावर चिडल्या. "म्हणजे मी खोटं बोलतोय व्हय?" खोटं अजिबात नव्हतं. चार फोन करून माणूस आला नाही हे लिहिलं की वाचणारा स्वतःच काय ते ओळखतो, आणि ते ओळखणं आपण सांगितलेल्यापेक्षा पक्कं बसतं.

पुस्तिका वाचा, मग चूक आपली आहे का ते बघा

हे पाऊल बहुतेक लोक गाळतात आणि इथंच रिव्ह्यू फसतो. खोक्यातली पुस्तिका काढली तेव्हा दोन गोष्टी मिळाल्या. सलग 5 मिनिटं चालवा आणि मग 2 मिनिटं थांबा, ही पहिली. दुसरी, मधल्या भांड्यात सुका जिन्नस एका वेळी जास्तीत जास्त 100 ग्रॅम. वहिनींना विचारलं त्या रविवारी किती खोबरं घातलं होतं, तर अंदाजानं दोन वाट्या. काट्यावर त्या दोन वाट्या 240 ग्रॅम भरल्या. वर लसूण आणि तीळ वेगळेच.

म्हणजे रविवारचा प्रसंग मिक्सरच्या विरोधात वापरता येत नव्हता. आपल्याकडं वर्षाची चटणी डंकावरच कुटून आणतात, घरच्या मिक्सरवर कुणी करत नाही, कारण मशिनला झेपायचं माप असतं हे आपल्याला ठाऊक आहे. रोजच्या वाटणालाही ते माप लागू आहे, एवढंच आपण विसरतो. मी वहिनींना म्हटलं, रविवार सोडून देऊ आणि पुस्तिकेत सांगितलंय तसंच वापरून बघू. चालला तर रिव्ह्यू नको. नाही चालला तर मग कुणाच्या बापाला खोडता येणार नाही.

तोच प्रसंग पुन्हा घडवा, आणि आकडे तिथल्या तिथं लिहा

एकदा घडलेली गोष्ट योगायोग असू शकते. त्यामुळं एकाच पद्धतीनं, निदान पाच वेळा करून बघायचं. आमची पद्धत साधी होती. सुकं खोबरं कापून, भाजून, पूर्ण गार केलेलं. काट्यावर बरोबर 100 ग्रॅम. मधलं भांडं, वेग दोनवर. मोबाइलचं स्टॉपवॉच. आणि दोन वेळांमध्ये किमान अर्धा तास, कारण आधीच तापलेल्या मोटरवर दुसरी चाचणी केली तर ती चाचणी वेगळीच होते. तीन दिवसांत पाच वेळा केलं.

पहिल्यांदा 1 मिनिट 50 सेकंदांना लाल बटण पडलं. दुसऱ्यांदा थांबला नाही, तीन मिनिटांत खोबरं बारीक झालं. तिसऱ्यांदा 2 मिनिटं 10 सेकंदांना पडलं, चौथ्यांदा 1 मिनिट 45 सेकंदांना. पाचव्यांदा पुन्हा नीट चालला. पाचपैकी तीन. पुस्तिका 5 मिनिटं म्हणते, आणि तीन वेळा मिक्सरनं सव्वादोन मिनिटंसुद्धा काढली नाहीत. आता आमच्या हातात काहीतरी होतं.

दोन वेळा नीट चालला हेही लिहायचं. ते लपवलं असतं आणि कंपनीच्या माणसासमोर मिक्सर नेमका नीट चालला असता, तर आमचं सगळंच खोटं ठरलं असतं.

मग उलट बाजूनं तपासलं. रात्रभर भिजवलेली उडीद डाळ 100 ग्रॅम, पाच वेळा. एकदाही थांबला नाही. त्यामुळं "मिक्सर चालत नाही" हे वाक्यही चुकीचं ठरलं. ओलं वाटण होतंय, सुकं खोबरं होत नाही, ही नेमकी तक्रार हाती आली. सुक्या खोबऱ्याला तेल सुटतं आणि भुगा पात्याखाली चिकटून घट्ट बसतो, तिथं मोटरवर जोर येतो. पण हे कारण रिव्ह्यूत "असं असावं" म्हणूनसुद्धा घालायची गरज नाही. कारण शोधणं हे कंपनीचं काम आहे.

तिसरी तपासणी कस्टमर केअरमुळं करावी लागली. फोनवर त्यांनी सांगितलं, "तुमच्याकडं व्होल्टेज कमी असेल." घरी नेहमी येणाऱ्या वायरमनला बोलावून, चाचणी चालू असतानाच त्याच्या मीटरनं सॉकेटचं व्होल्टेज बघितलं. 226 आलं. मिक्सरवर 230 छापलेलं आहे, म्हणजे फरक किरकोळ. हे काम स्वतः मीटरच्या काड्या घालून करू नका, वायरमनकडूनच करून घ्या.

आवाजाबद्दल वहिनींना लिहायचं होतं, "100 डेसिबल आवाज." मोबाइलमधलं आवाज मोजायचं अ‍ॅप मी दोन फोनवर शेजारी शेजारी लावून दाखवलं, दोन्हींचे आकडे वेगळे आले. तेव्हा आकडा सोडला आणि असं लिहिलं की मधलं दार बंद असतानाही बाहेरच्या खोलीतल्या टीव्हीचं बोलणं कळत नाही. यात माप नाही, पण कुणीही आपल्या घरी ताडून बघू शकतो.

कागद आणि फोटो

बिल, वॉरंटी कार्ड, तक्रार नंबराचे मेसेज आणि माणूस येऊन गेला असेल तर त्यानं दिलेली जॉबशीट, हे सगळं एका फोल्डरमध्ये ठेवा. फोटो तीनच पुरेत: काट्यावरचं 100 ग्रॅम खोबरं, बाहेर आलेलं लाल बटण, आणि मिक्सरच्या बुडाचं लेबल. लेबलवर मॉडेल आणि निर्मितीचा महिना दिसू द्या, कारण एखादी बॅच खराब असली तर तीच माहिती दुसऱ्याला उपयोगी पडते. सिरीयल नंबर, बिलावरचा पत्ता, फोन आणि जॉबशीटवरचं कारागिराचं नाव झाका. कारागीर येऊन "या मॉडेलची मोटरच कमजोर आहे" असं म्हणाला तर ते त्याच्या नावावर कधीच टाकू नका. बिचाऱ्याची नोकरी जाते, आणि तो उद्या "मी म्हटलंच नाही" म्हणाला तर तुमच्याकडं काहीच राहत नाही. जॉबशीटवर त्यानं जे लिहून दिलं तेवढंच तुमचं.

कुठले शब्द अंगाशी येतात

फसवणूक, बनावट, चोर, नकली, लुटारू हे शब्द गुन्ह्याचा आरोप करतात. भारतीय न्याय संहितेचं कलम 356 बदनामीचं आहे. 1 जुलै 2024 पासून ते लागू आहे, त्याआधी हीच तरतूद दंड संहितेच्या 499 आणि 500 मध्ये होती. कंपनीचीही बदनामी होऊ शकते असं त्यात स्पष्ट म्हटलं आहे. खरी गोष्ट लोकांच्या भल्यासाठी सांगितली तर तो अपवाद धरला जातो, पण खरी होती हे दाखवायची वेळ आपल्यावर येऊ शकते. 100 ग्रॅमचा फोटो आणि स्टॉपवॉचचे आकडे तिथं उपयोगी पडतात. "फसवते" याला तसा कुठला फोटो नसतो.

मत मात्र तुम्ही मोकळेपणानं मांडू शकता, फक्त ते मत म्हणून दिसलं पाहिजे आणि त्याच्या आधी घटना आली पाहिजे. "पाचपैकी तीन वेळा थांबला, त्यामुळं सुक्या वाटणासाठी मी हा पुन्हा घेणार नाही" यात काहीच अडत नाही. "कुणीही घेऊ नका" यात मात्र आपल्या एका मिक्सरवरून सगळ्यांना सल्ला जातो. हजारो मिक्सर विकले गेले असतील, आपण एकच पाहिला.

एखादा आरोप खरंच गंभीर वाटत असेल तर त्याची जागा वेगळी आहे. आयएसआय खुणेबद्दल शंका असेल तर त्या खुणेसोबत छापलेला परवाना क्रमांक बीआयएस केअर अ‍ॅपवर टाकून बघता येतो. त्या क्रमांकावर दुसऱ्याच कंपनीचं किंवा वस्तूचं नाव आलं, तर तेवढंच लिहा, "बनावट" हा शब्द बीआयएसला ठरवू द्या. वॉरंटी नाकारत असतील तर राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनचा नंबर 1915 आहे, आणि पुढं जिल्हा ग्राहक आयोग. आयोगाकडं जायला तक्रारीचं कारण घडल्यापासून दोन वर्षांची मुदत असते, तेव्हा रिव्ह्यू टाकला म्हणजे तक्रार झाली असं समजून बसू नका.

लिहिताना

वहिनींनी शेवटी जे लिहिलं ते जसंच्या तसं देतो:

"मिक्सर मार्चच्या पहिल्या आठवड्यात 4,299 रुपयांना घेतला. पाच जणांच्या घरात रोज दोनदा वापर. सुरुवातीला एकदा मी पुस्तिकेपेक्षा जास्त खोबरं घातलं होतं तेव्हा थांबला, तो प्रसंग इथं धरलेला नाही. त्यानंतर पुस्तिकेप्रमाणं मधल्या भांड्यात 100 ग्रॅम भाजलेलं सुकं खोबरं, वेग 2, दर वेळी अर्धा तास गार करून, असं पाच वेळा केलं. तीन वेळा 1 मिनिट 45 सेकंद ते 2 मिनिटं 10 सेकंदांत लाल बटण पडून बंद झाला. दोन वेळा नीट चालला. एकदा व्होल्टेज तपासलं, 226 होतं. थांबताना करपल्यासारखा वास आला, धूर दिसला नाही. बॉडी खालच्या बाजूला इतकी तापली की हात टेकून ठेवता आला नाही. भिजवलेली उडीद डाळ पाच वेळा वाटली, एकदाही थांबला नाही आणि वाटण मऊसूत झालं. झाकण घट्ट बसतं, गळत नाही. चालू असताना बाहेरच्या खोलीत टीव्ही ऐकू येत नाही. कस्टमर केअरला 16, 18, 21 आणि 24 मार्चला फोन केला. दोनदा वेळ दिली, 26 मार्चपर्यंत कुणी आलं नाही. माझ्याकडं हा एकच मिक्सर आहे, दुसऱ्यांचा अनुभव वेगळा असू शकतो. इडली-डोशाच्या पिठासाठी चालेल, आमच्यासारखं सुकं वाटण रोज लागत असेल तर विचार करून घ्या. दोन तारे."

"आग लागली असती" याच्या जागी "धूर दिसला नाही" आलं, याचं वहिनींना सुरुवातीला वाईट वाटलं. पण जे घडलं नाही ते स्वतःहून सांगितलं की जे घडलं त्यावर लोक विश्वास ठेवतात. चांगलं ते दोन ओळींत का होईना लिहिलं, त्यानंही तेच झालं.

रिव्ह्यू टाकण्याआधी मी तो मोठ्यानं वाचून घेतला, आणि प्रत्येक वाक्याला वहिनींनी मोबाइलमधला फोटो, वहीतली नोंद किंवा मेसेज दाखवायचा, असं केलं. "विचार करून घ्या" हा त्यांचा सल्ला होता, तो तसाच राहिला. बाकी एकही वाक्य पुराव्याशिवाय उरलं नाही.

टाकल्यानंतर

चौथ्या दिवशी कंपनीकडून फोन आला. मिक्सर बदलून देतो म्हणाले, आणि जाता जाता रिव्ह्यू काढून टाकायची विनंती केली. बदली घ्यायला काहीच हरकत नाही, तो वॉरंटीतला आपला हक्क आहे. पण रिव्ह्यू काढायच्या अटीवर काही घेतलं तर पुढच्या गिऱ्हाइकाला खोटं चित्र दिसतं. वहिनींनी सांगितलं, "काढणार नाही, पण बदलून दिला हे खाली लिहितो." जुना मजकूर न बदलता खाली तारीख घालून भर टाकायची, म्हणजे काय आधी घडलं आणि काय नंतर, हे वाचणाऱ्याला कळतं.

नवा मिक्सर आल्यावर तेच 100 ग्रॅम खोबरं, तोच काटा, पुन्हा पाच वेळा. वहिनींनी खाली लिहिलं: "12 एप्रिल. कंपनीनं मिक्सर विनामूल्य बदलून दिला. नव्यावर वरच्याच पद्धतीनं पाच वेळा खोबरं वाटलं, एकदाही थांबला नाही. आवाज पहिल्याइतकाच आहे. माणूस यायला पहिल्या फोनपासून 15 दिवस लागले, म्हणून तीन तारे."